गाईडच्या दोन भेटींमधले दिवस

बिलोली, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यातून पीएच.डी. करणारा माणूस बहुधा नोकरी सांभाळून ती करत असतो. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय इथे, गाईड नांदेडला, विद्यापीठ विष्णुपुरीला, आणि मधे नरसी-नायगावमार्गे एसटीचा दोन तासांच्या आसपासचा रस्ता. कोर्सवर्क ठरल्या तारखांना असते म्हणून पार पडते. सिनॉप्सिसलाही मुदत असते, म्हणून तोही होतो. खरी पडझड त्यानंतर सुरू होते, कारण पुढची तीन-चार वर्षे कोणतीच तारीख जवळ नसते. गाईडचा फोन आला की ‘सर, वाचन चालू आहे’ असे उत्तर दिले जाते, आणि ते खोटेही नसते. वाचन चालूच असते. प्रबंध मात्र चालू नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, त्यापुढे पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तारखांविना गेलेली वर्षे त्यात फार लवकर विरघळतात.

माझे म्हणणे असे आहे की रोज लिहिण्याची सवय आणि गाईडच्या भेटी या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या जातात, तिथेच चूक होते. सवय लावायचा सल्ला सगळेच देतात आणि ती संशोधकाच्या मनोबलावर सोडून देतात. भेटी गाईडच्या सवडीवर सोडल्या जातात. प्रत्यक्षात रोजची बैठक टिकते ती तिच्या शेवटी कोणीतरी वाचणार असते म्हणून, आणि भेट उपयोगी पडते ती तिच्याआधी पाने तयार असतात म्हणून. तेव्हा नियोजनाचे माप दिवस किंवा वर्ष न धरता, दोन भेटींमधले अंतर हे धरावे.

याला आधार आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांच्या लेखनाच्या सवयींचा बरीच वर्षे अभ्यास केला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात नव्या प्राध्यापकांचे तीन गट होते. पहिला गट नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मोठी सवड मिळेल तेव्हा लिहीत राहिला. दुसरा रोज थोडे लिहून त्याची नोंद ठेवत गेला. तिसरा रोज लिहायचा, नोंद ठेवायचा आणि शिवाय ती नोंद दर आठवड्याला दुसऱ्या कोणासमोर मांडायचा. वर्षअखेर माणशी सरासरी पाने भरली ती पहिल्या गटात १७, दुसऱ्यात ६४ आणि तिसऱ्यात १५७. हा अभ्यास सांगताना ‘रोज लिहा’ एवढाच बोध बहुतेक जण घेतात. पण आकडे नीट पाहिले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातले अंतर त्र्याण्णव पानांचे आहे, आणि त्या दोन गटांत रोज लिहिण्याचा फरकच नव्हता. फरक होता तो कोणाला तरी दाखवण्याचा. बॉइसच्याच १९८३ च्या प्रयोगातही हेच दिसते. लेखन अडलेल्या सत्तावीस प्राध्यापकांपैकी ज्यांना सुचेल तेव्हा लिहा असे सांगितले होते, त्यांच्यापेक्षा ज्यांच्यावर बाहेरून अट घातली होती त्यांनी कितीतरी अधिक लिहिले. ती अट अशी की ठरलेली पाने झाली नाहीत, तर आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला आपला धनादेश जाईल. गंमत म्हणजे नव्या कल्पनाही याच सक्तीने लिहिणाऱ्यांना जास्त सुचल्या. हे गट लहान होते, माणसे प्रबंध लिहिणारे विद्यार्थी नव्हती आणि परिस्थिती अमेरिकेतली होती, हे लक्षात ठेवून आकड्यांचे प्रमाण जसेच्या तसे आपल्याला लावू नये. पण फरकाची दिशा स्पष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो रोजच्या लिखाणावरच, आणि तो रास्त आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मग पेपर तपासणी, जूनमध्ये प्रवेशाची धांदल, निवडणूक लागली की त्याची ड्युटी. घरात लहान मूल किंवा आजारी वडीलधारे असतील तर दिवसाचा हिशेब आणखी अवघड. न्यूझीलंडच्या हेलन स्वॉर्ड यांनी हजारावर प्राध्यापक-संशोधकांना त्यांच्या सवयी विचारल्या, तेव्हा रोज लिहिणारे आठांत एकाच्या आसपास निघाले. बाकीचे न लिहिणारे होते असे नाही. कोणी आठवड्यातून चार दिवस, कोणी सुट्ट्यांत सलग लिहून काम पुरे करत होते. म्हणजे तीनशे पासष्ट दिवसांचे व्रत घेण्याची गरज नाही. व्रताचा एक तोटाही असतो: ते एकदा मोडले की माणूस अपराधी वाटून वहीपासूनच दूर राहतो. गरज आहे ती ठरलेल्या वेळेची, आणि आठवड्यात पाच बैठका एवढे बस्स. परीक्षेच्या महिन्यांत बैठका बंद ठेवायच्या असतील तर तेही आधीच कॅलेंडरवर लिहून टाकावे, म्हणजे तो खाडा न होता सुट्टी होईल.

आता हे प्रत्यक्षात कसे बसवायचे, ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. बिलोलीतल्या एका शिक्षिकेचा विषय आहे, बिलोली आणि देगलूर तालुक्यांतल्या तेलंगणाला लागून असलेल्या गावांत बोलली जाणारी मराठी आणि तिच्यावरचा तेलुगूचा प्रभाव. आठवडी बाजारांतली ध्वनिमुद्रणे झाली आहेत, तिसरे प्रकरण लिहायचे आहे. गाईडशी बोलून तिने भेटीची तारीख आजपासून एकविसाव्या दिवशी ठरवली. आता उलटे मोजायचे. गाईडना वाचायला सात दिवस हवेत, म्हणून पाने चौदाव्या दिवशी पोहोचली पाहिजेत. चौदा दिवसांत पाच-पाच मिळून दहा बैठका होतात. पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकीत अडीचशे शब्द हे नोकरदार माणसाला जमण्यासारखे माप आहे. आठ बैठकांत दोन हजार शब्द होतील, उरलेल्या दोन बैठका ते वाचून नीट करायला. म्हणजे सात-आठ पाने. पाने गेल्यानंतरच्या सात दिवसांत लिहायचे नाही. त्या आठवड्यात ध्वनिमुद्रणे उतरवून काढायची, संदर्भ तपासायचे, पुढच्या भागाचे वाचन करायचे. असा एक फेरा एकवीस दिवसांचा. वर्षात सतरा फेरे बसतात. परीक्षा, लग्नसराई, आजारपण यांना पाच सोडले तरी बारा उरतात. बारा फेऱ्यांचे चोवीस हजार शब्द. साठ हजार शब्दांचा प्रबंध धरला तर कच्चा खर्डा अडीच वर्षांत हाती येतो, आणि सहा वर्षांच्या आत दुरुस्तीला, टंकलेखनाला आणि अडचणींना पुरेशी जागा राहते. हे गणित कागदावर मांडल्याचा फायदा असा की कोणत्या महिन्यात आपण किती मागे आहोत हे भावनेवर न सोडता मोजता येते.

त्या पंचेचाळीस मिनिटांत काय व्हावे, यावर बरेच अवलंबून आहे. बैठकीत नवे वाचन करू नये. एखादा संदर्भ आठवत नसेल तर तिथे चौकोनी कंसात ‘तपासणे’ असे लिहून पुढे जावे. तो शोधायला मोबाइल उघडला की बैठक तिथेच संपते. वेळ सकाळी सहाची असो की रात्री नऊची, ती एकच असावी आणि घरातल्यांना ठाऊक असावी. सर्वांत महत्त्वाची शेवटची पाच मिनिटे. उद्या काय लिहायचे ते त्या पाच मिनिटांत एका वाक्यात लिहून ठेवायचे, आणि ते वाक्य जितके नेमके तितके उद्याचे सुरू होणे सोपे. ‘उद्या: तिसरे प्रकरण पुढे’ या नोंदीचा काहीच उपयोग नाही. ‘उद्या: सातव्या ध्वनिमुद्रणातल्या भाजीवालीचे वाक्य घेऊन, भाव सांगताना तेलुगू अंक कुठे येतात ते सांगणे’ ही नोंद वाचली की दोन मिनिटांत पहिली ओळ कागदावर येते. वहीच्या डाव्या बाजूला तारीख, वेळ आणि झालेले शब्द, उजव्या बाजूला हे उद्याचे वाक्य. एवढ्या दोन रकान्यांची नोंदवही पुरे. तिच्यावरून बिघाड लवकर ओळखता येतो. सलग दोन आठवडे शब्दांचा रकाना रिकामा आणि बाजूला ‘वाचन’ लिहिलेले असेल, किंवा प्रस्तावनेचाच परिच्छेद तिसऱ्यांदा लिहिला जात असेल, तर अडचण वेळेची नाही. पुढचा मुद्दा काय मांडायचा हेच ठरलेले नाही, आणि तो प्रश्न गाईडकडे न्यायचा आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो: अजून सगळे वाचून झालेले नाही, माहिती अपुरी आहे, मग आत्ताच लिहायचे कसे? प्रामाणिक संशोधकाला हा प्रश्न पडतोच. पण काय अपुरे आहे हे लिहिल्याशिवाय कळत नाही. वरच्या उदाहरणातली शिक्षिका लिहायला बसली नाही तर आणखी वीस ध्वनिमुद्रणे करत राहील. लिहायला बसली तर तिसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात येईल की बाजारातल्या बोलण्याचे नमुने भरपूर आहेत आणि घरातल्या बोलण्याचे जवळजवळ नाहीत, त्यामुळे दोहोंची तुलना करणारे वाक्य तिला लिहिताच येत नाही. आता तिला नेमके कुठे जायचे ते कळले. काही टप्पे मात्र असे असतात की तिथे खरेच लिहू नये. प्रश्नावली अजून पक्की झालेली नसताना निष्कर्षांचे प्रकरण लिहायला घेणे म्हणजे उत्तर आधी ठरवणे होय. त्या काळात बैठका चालू ठेवाव्यात, पण त्यांत पद्धतीचे प्रकरण लिहावे: कोणती गावे निवडली, का निवडली, कोणाशी बोललो, कोणी नकार दिला. हे तपशील ताजे असतानाच लिहिले तर खरे उतरतात. दोन वर्षांनी आठवून लिहिताना बोटचेपे होतात.

आता भेट. बहुतेक भेटी तोंडी होतात. संशोधक केबिनबाहेर थांबतो, सर वर्गावरून येतात, चहा होतो, ‘काय चाललंय’, ‘चालू आहे सर’, एक-दोन पुस्तकांची नावे मिळतात आणि माणूस परतीच्या गाडीला लागतो. दिवसभराची रजा जाते आणि हाती काही येत नाही. यात गाईडचा दोष फारसा नसतो. आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. समोर कागद नसेल तर तुमचे प्रकरण कुठे अडले होते हे आठवायला त्यांच्याकडे काहीच नसते. म्हणून पानांसोबत अर्ध्या पानाची एक चिठ्ठी जोडावी. तिच्यात तीन गोष्टी: या पानांत मी काय म्हणते आहे, कुठे माझी खात्री नाही, आणि मला कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. आपल्या शिक्षिकेची चिठ्ठी अशी असू शकेल: ‘बाजारात भाव सांगताना तेलुगू अंक येतात आणि घरगुती बोलण्यात येत नाहीत, असे या पानांत म्हटले आहे. घरगुती बोलण्याच्या नोंदी फक्त तीन कुटुंबांच्या आहेत. प्रश्न: मांडणी गावांनुसार ठेवू की प्रसंगांनुसार? आणि तीन कुटुंबांवरून असे विधान करता येईल का?’ ‘सर, कसं झालंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे, पुढे चला’ एवढेच उत्तर मिळू शकते. वरच्या दोन प्रश्नांना उत्तर देण्यासाठी पाने वाचावीच लागतात.

पाने कशी पाठवायची हाही फुटकळ मुद्दा नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेली पीडीएफ शेकडो निरोपांखाली जाते, आणि आठ पाने मोबाइलच्या पडद्यावर कोणी बारकाईने वाचत नाही. ज्यांना कागदावर वाचायची सवय आहे त्यांना ओळींत दुप्पट अंतर आणि मोठा समास ठेवून छापील प्रत द्यावी. नांदेडला जाणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबरही ती पोहोचते. ईमेलने पाठवायची असेल तर मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल गाईडच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांची रांग होऊन उघडते, आणि तिच्यात शब्द शोधताही येत नाहीत. टंकलेखन बाहेरून करून घेत असाल तर ही अट केंद्रचालकाला आधी सांगावी. तीनशे पाने झाल्यावर रूपांतर करायला गेले की जोडाक्षरे आणि रफार जागोजागी मोडतात.

भेटीत बोलणे झाल्यावर त्याच दिवशी, जमल्यास परतीच्या एसटीतच, काय ठरले ते पाच-सहा ओळींत लिहून गाईडना पाठवावे: कोणते बदल करायचे, काय गाळायचे, पुढची पाने कोणत्या तारखेला देणार आणि पुढची भेट कधी. शेवटी ‘काही राहिले असल्यास कळवावे’ एवढे पुरे. ही सवय काहींना उद्धट वाटते. आपल्याकडे गाईडशी नाते गुरुशिष्याचे मानले जाते, त्यांना तारखा कशा मागायच्या, त्यांचे बोलणे लेखी कसे बांधून ठेवायचे, असा संकोच असतो. तो संकोच मी हसण्यावारी नेत नाही. पण यात आपण बांधून घेतो ते स्वतःला; पाने देण्याची तारीख आपली असते. आणि सहा महिन्यांनी गाईड म्हणाले की हा भाग का गाळलात, तर ‘तुम्हीच सांगितलं होतं’ असे तोंडावर म्हणण्यापेक्षा तो जुना निरोप पुढे ठेवणे दोघांच्याही मानाला धरून होते. तारीख मागतानाही एक साधा मार्ग आहे. ‘कधी येऊ?’ असे न विचारता ‘सर, पाने बारा तारखेला पाठवते, एकोणीसच्या शनिवारी अर्धा तास मिळेल का?’ असे विचारावे. ठोस प्रश्नाला हो किंवा दुसरी तारीख मिळते.

गाईड वाचतच नसतील तर? असेही होते. दोनदा पाने दिली आणि दोन्ही भेटींत ती न उघडलेलीच दिसली, तर पाने कमी करावीत. आठऐवजी तीन पाने आणि एकच प्रश्न पाठवून पाहावा. बरेचदा अडचण इच्छेची नसून लांबीची असते. सूचना फक्त शुद्धलेखनाच्या येत असतील तर समजावे की मुद्दा हाताला लागलेला नाही. पुढच्या चिठ्ठीत मुख्य विधान पहिल्याच ओळीत आणावे. तरीही काही हलले नाही, तर फेरा थांबवू नये. त्याच विद्यापीठात संशोधन करणारे आणखी दोघे शोधून दर तीन आठवड्यांनी एकमेकांची पाने वाचावीत. बॉइसच्या तिसऱ्या गटातही समोर मार्गदर्शक नव्हता, कोणीतरी विचारणारा होता. प्रबंधावर मत गाईडचेच लागते, पण बैठका चालू ठेवायला सहकारी पुरतो.

मतभेदाबद्दल एक उदाहरण सर्वांनी माहीत करून घ्यावे असे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पहिल्या सादरीकरणात मान्य झाला नाही. सुधारून त्यांनी तो ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा दिला आणि नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा प्रस्तावना लिहिली ती त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी आपल्याला आंबेडकरांचे बरेच युक्तिवाद पटत नाहीत हे उघड नोंदवले आणि तरीही ग्रंथाच्या विचारातल्या ताजेपणाची दाद दिली. गाईडला पटले नाही म्हणून मुद्दा सोडायचा, किंवा गाईड विरोधात आहेत म्हणून भेटी टाळायच्या, या दोन्ही टोकांची गरज नसते. मतभेद असेल तिथे गाईडचा आक्षेप प्रबंधातच त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडावा आणि त्याखाली आपले उत्तर द्यावे. हे लिहायला एक फेरा पूर्ण जातो, पण बाह्य परीक्षक मौखिकीत विचारणार असलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच तयार होते.

या सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवाव्यात: चिठ्ठ्या, दिलेली पाने, भेटीनंतरचे निरोप. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. ऐनवेळी अहवाल रचायला बसणाऱ्याला तिथे घाम फुटतो. फाइल असलेल्याचा अहवाल तासाभरात तयार होतो. तिचा दुसरा उपयोग गाईड निवृत्त होतात तेव्हा कळतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवे संशोधक घेता येत नाहीत, पण आधीचे संशोधक असतात, आणि सहा वर्षांच्या वाटेत हा प्रसंग अनेकांवर येतो. निवृत्तीनंतर ते सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात, मुख्य मार्गदर्शक मात्र दुसरे लागतात. अशा वेळी नव्या गाईडकडे पहिल्या भेटीला जाताना ही फाइल आणि शेवटच्या फेऱ्यातली आठ पाने आठवडाभर आधी पोहोचवावीत, आणि चिठ्ठीत पहिला प्रश्न हा ठेवावा की आधीच्या सरांशी ठरलेली प्रकरणांची मांडणी तुम्हाला मान्य आहे का.